ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो आला, आता पुढे काय?

पत्र: माझे पती ७१ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं, म्हणून महिना १८,००० रुपयांवर ड्रायव्हर ठेवतोय. सोसायटीच्या वॉचमनने एक जण सुचवला, वय ४०, मूळचा लातूरचा. त्याने व्हॉट्सॲपवर लायसन्सचा फोटो पाठवला. त्यावर दोन तारखा आहेत, एक उलटून गेलेली आणि दुसरी पुढच्या मार्चची. शेजारी म्हणतात, "फुल इन्शुरन्स आहे ना, मग कशाला काळजी?" गाडी पतींच्या नावावर आहे. लायसन्स खरं आहे हे कसं तपासायचं? आणि उद्या अपघात झालाच, तर आमच्यावर काय येईल?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: ताई, आधी त्या दोन तारखांचा उलगडा करू, कारण बरेचसे मालक तिथेच फसतात.

लायसन्सवर NT आणि TR अशा दोन वेगळ्या मुदती असू शकतात. NT म्हणजे खासगी गाडी, पांढऱ्या पाटीची. TR म्हणजे भाड्याने चालणारी, पिवळ्या पाटीची. टॅक्सी किंवा टेम्पो चालवलेल्या माणसाच्या लायसन्सवर दोन्ही असतात. TR ची मुदत पाच वर्षांचीच असते, आणि टॅक्सीचं काम सुटलं की बरेच जण ती पुन्हा वाढवून घेत नाहीत. त्यामुळे उलटून गेलेली तारीख TR ची असेल आणि मार्चची तारीख NT ची असेल, तर तुमची गाडी चालवायला आज तरी अडचण नाही. खासगी गाडीसाठी हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे LMV चा, परवाना आणि त्याची चालू NT मुदत पुरते. "टीआर नाही म्हणजे चालणार नाही" किंवा "बॅज लागतो" असं कोणी सांगितलं, तर ते तुमच्या गाडीला लागू नाही. पण तारखा उलट असतील, म्हणजे संपलेली NT ची असेल, तर किल्ली देऊ नका. फोटोत अक्षरं पुसट दिसत असतील, तर अंदाज न बांधता प्रत्यक्ष कार्ड हातात घेऊन बघा.

आता खरेपणा. परिवहन मंत्रालयाच्या parivahan.gov.in या संकेतस्थळावर लायसन्सचा तपशील पाहण्याची सोय आहे. त्यासाठी लायसन्सचा नंबर आणि त्या माणसाची जन्मतारीख लागते. नंबराची रचना ध्यानात ठेवा. MH24 म्हणजे लातूरचं आरटीओ, त्यापुढचे चार आकडे लायसन्स पहिल्यांदा दिलं ते वर्ष आणि शेवटचे सात आकडे म्हणजे नोंदीचा क्रमांक. समजा, त्याचा नंबर MH24 2007 असा सुरू होत असेल, तर पहिलं लायसन्स २००७ साली मिळालं असलं पाहिजे. पानावर पहिल्यांदा दिल्याची तारीख २०१५ ची निघाली किंवा पहिलं कार्यालय लातूरऐवजी भलतंच दिसलं, तर तिथेच थांबून विचारणा करा. खोटं कार्ड करणारे नाव, फोटो आणि मुदत बदलतात, पण या तपशिलांचा मेळ पुष्कळदा बसत नाही.

पान उघडल्यावर चार गोष्टी पाहायच्या. स्थिती ACTIVE आहे का. पहिल्यांदा दिल्याची तारीख आणि कार्यालय जुळतं का. NT ची मुदत कधीपर्यंत आहे. आणि वाहनांच्या वर्गांमध्ये LMV आहे का. ही शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. लायसन्स खरं असतं, चालू असतं, पण त्यावर फक्त गिअरच्या दुचाकीचा, म्हणजे MCWG चा, वर्ग असतो. असा माणूस चारचाकी कितीही सफाईने चालवत असला, तरी कायद्याच्या लेखी त्याच्याकडे त्या गाडीचं लायसन्स नाही.

या पानाची एक मर्यादा आहे. त्यावर फोटो नसतो. म्हणजे दुसऱ्या कोणाचा खरा नंबर घेऊन त्यावर स्वतःचा फोटो डकवलेलं कार्ड कोणी दाखवलं, तर नंबर बिनचूक निघेल. म्हणून दुसरी तपासणी समोर बसून करायची. त्याला त्याच्याच फोनवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन उघडायला सांगा आणि तिथलं लायसन्स बघा. डिजिलॉकरमधलं लायसन्स थेट सरकारी नोंदीतून येतं आणि त्यात फोटो असतो. मात्र ते ॲपमध्ये तुमच्या डोळ्यांदेखत उघडलेलं हवं, स्क्रीनशॉट चालणार नाही. त्यातला चेहरा, आधारवरची जन्मतारीख आणि हातातलं कार्ड या तिन्हींचा मेळ बसला, की लायसन्स त्याचंच आहे याची खात्री होते.

नोंदच सापडली नाही तर? ती लगेच खोटेपणाची खूण मानू नका. जुन्या पुस्तकी किंवा कागदी लायसन्सांच्या काही नोंदी संगणकावर चढलेल्याच नाहीत. अशा वेळी त्याने लायसन्स दिलेल्या आरटीओत जाऊन जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यायची असते, आणि प्रामाणिक माणूस ते करून आणतो. तोवर गाडी देऊ नका. न्यायालयं मालकाला जी सवलत देतात ती "शंका घ्यायला कारण नव्हतं" या पायावर उभी आहे. नोंद सापडत नाही हे डोळ्यांनी पाहिल्यावर तो पायाच राहत नाही.

तुम्ही इतकं खोलात का जायचं, हे कळायला कायद्याची एक बारकी पण निर्णायक रेघ समजून घ्यावी लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५ नुसार, लायसन्स नसलेल्या माणसाला गाडी चालवू न देण्याची जबाबदारी मालकावर आणि गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही असते. ती मोडली तर कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण खरा भुर्दंड त्या पाच हजारांचा नसतो. तो विम्याच्या बाजूने येतो.

लायसन्स खोटं निघालं, म्हणून विमा कंपनी आपोआप सुटत नाही. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मालकाने वाजवी काळजी घेतली नव्हती हे कंपनीने सिद्ध करायला हवं. २०२० च्या निर्मला कोठारी खटल्यात गाडीच्याच नुकसानीचा दावा होता, आणि तिथे हे आणखी स्पष्ट झालं: ड्रायव्हर ठेवताना मालकाने लायसन्स पाहावं, ते दिसायला खरं असेल आणि माणूस गाडी नीट चालवत असेल, तर मालकाने आरटीओत जाऊन शहानिशा करण्याची अपेक्षा नाही, जोवर संशयाला कारण नाही. म्हणजे बेमालूम खोट्या लायसन्सने तुम्ही फसलात, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो.

मुदत संपलेल्या लायसन्सला मात्र ही सवलत नाही. तारीख कार्डावरच छापलेली असते, ती वाचायला कोणाकडे जावं लागत नाही. २०२० च्याच बेली राम खटल्यातल्या ट्रक ड्रायव्हरचं लायसन्स संपून जवळपास तीन वर्षं झाली होती. अपघातात तो स्वतःच जखमी झाला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की लायसन्सचं नूतनीकरण झालं की नाही हे पाहणं मालकाचं काम होतं. विमा कंपनीची सुटका झाली आणि ड्रायव्हरची भरपाई मालकाला द्यावी लागली.

तुमच्या बाबतीत हाच धोका जास्त जवळचा आहे, कारण NT ची मुदत पुढच्या मार्चला संपतेय आणि तोवर हा माणूस तुमच्याकडे रुळलेला असेल. रोज घरी येणाऱ्या माणसाकडे लायसन्स पुन्हा मागावं, असं कोणाला सुचतही नाही. २००७ चं लायसन्स असेल, तर ते त्या वेळच्या नियमाप्रमाणे वीस वर्षांसाठी दिलेलं असणार. आता नूतनीकरणात चाळिशीच्या माणसाला दहा वर्षं मिळतात. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन्स वैध मानलं जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. आता मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तो विनालायसन्स. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्षापासून करता येतो, म्हणजे त्याची खिडकी एव्हाना उघडली आहे. संपल्यानंतरही एक वर्षापर्यंत अर्ज चालतो, पण उशिरा झालेलं नूतनीकरण मागच्या तारखेपासून लागू होत नाही. मधले दिवस कोरेच राहतात, आणि त्या दिवसांत झालेला अपघातही कोराच. वर्ष उलटून गेलं, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

त्याचं वय चाळीस ओलांडलेलं असेल, तर नूतनीकरणाला डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागतं. त्यासाठी लातूरला जायची गरज नाही, राज्यातल्या कुठल्याही आरटीओत अर्ज करता येतो. माझं स्पष्ट मत असं, की कामावर घेतानाच त्याला सांगावं: पहिल्या दोन महिन्यांत नूतनीकरण करून आण, शुल्क आम्ही देऊ, त्या दिवसाची सुट्टी पगारी. मार्चची वाट पाहण्यात तुमचा काहीच फायदा नाही.

समजा, हे राहून गेलं, तर काय होतं ते पाहू. मार्चमध्ये मुदत संपली, मे महिन्यात कर्वे रोडवर तुमच्या गाडीची एका दुचाकीस्वाराला धडक बसली आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने समजा १८ लाखांची भरपाई ठरवली. जखमीला ताटकळत ठेवू नये, म्हणून न्यायाधिकरणं बहुतेक वेळा कंपनीला आधी पैसे भरायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. कंपनीला त्यासाठी वेगळा दावा लावावा लागत नाही, त्याच आदेशाच्या अंमलबजावणीत ती तुमच्या पतींच्या मागे लागू शकते. १८ लाख, त्यावरचं व्याज, शिवाय तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा नामंजूर. "फुल इन्शुरन्स" असूनही ही वेळ येते, कारण चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स असावं ही अट पॉलिसीतच असते. सगळं पतींच्या नावावर येईल, कारण आरसी पुस्तकावर नाव त्यांचं आहे. ड्रायव्हर तुम्ही निवडलात, पगार तुम्ही देता, याने त्यात फरक पडत नाही.

लायसन्स चोख असेल, तर चित्र वेगळं. ड्रायव्हर कामावर असताना त्याच्या चुकीने कोणाला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येतेच, पण ती विमा कंपनी उचलते. इजा किंवा मृत्यूसाठी तृतीय पक्षाच्या विम्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. निष्काळजी चालवण्याचा फौजदारी गुन्हा मात्र ड्रायव्हरवर दाखल होतो. तुम्ही गाडीत मागे बसला होतात, एवढ्याने तो तुमच्यावर येत नाही.

आता शेजाऱ्यांच्या "फुल इन्शुरन्स"मधली दुसरी फट. पॉलिसीत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण दिसेल. ते मालक-चालकासाठी, म्हणजे फक्त तुमच्या पतींसाठी आहे. पगारी ड्रायव्हरला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. आणि ड्रायव्हर कामावर असताना जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई देणं हे मालक म्हणून तुमचं काम. यात चूक कोणाची होती याला फारसं महत्त्व नसतं. अपघात त्याच्याच चुकीने झाला, तरी मृत्यूची भरपाई चुकत नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं सूत्र आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे, आणि ते असं: मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. पगार कितीही असला, तरी हिशेबाला २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. म्हणजे तुमच्या १८,००० ऐवजी १५,०००, त्याचे निम्मे ७,५००. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७. गुणाकार केला की १३,८१,२७५ रुपये. ही रक्कम एका महिन्यात दिली नाही, तर १२ टक्के व्याज आणि वर दंडही लागू शकतो.

हा भार विमा कंपनीवर टाकण्यासाठी पॉलिसीत एक ओळ लागते: पगारी ड्रायव्हरप्रती कायदेशीर जबाबदारी, ज्याला विमावाले आयएमटी २८ म्हणतात. तिचा हप्ता ड्रायव्हरमागे वर्षाला अवघा ५० रुपये. पॉलिसीच्या पहिल्या पानावर, जिथे हप्त्याची फोड दिलेली असते, तिथे ही ओळ आणि तिच्यापुढे ५० चा आकडा शोधा. नसेल, तर एजंटला आजच सांगून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या, नूतनीकरणाची वाट पाहू नका. स्वतः चालवणाऱ्या माणसाच्या पॉलिसीत ती सहसा नसते, कारण ड्रायव्हर ठेवायचा प्रश्नच आलेला नसतो. तुमच्या घरात नेमकं हेच असण्याची शक्यता मोठी आहे. त्याशिवाय पगारी ड्रायव्हरसाठी वेगळं वैयक्तिक अपघात संरक्षणही थोड्या पैशांत जोडता येतं. ते जरूर घ्या. तुमची माणसं त्याच्या हाती सोपवताना त्याच्या बायकामुलांचा विचार करणं हा त्या नोकरीचाच भाग आहे.

चाचणीबद्दल. न्यायालयं "लायसन्स पाहिलं आणि चालवणं तपासलं" अशा दोन गोष्टी एका दमात बोलतात, तेव्हा चाचणी नुसती सोसायटीला चक्कर मारून उरकू नका. निदान अर्धा तास घ्या. आधी खाली उभं राहून एक साधी गोष्ट करा: साधारण पंचवीस मीटरवरच्या गाडीची नंबर प्लेट त्याला वाचायला सांगा. लायसन्सच्या अर्जातल्या शारीरिक पात्रतेच्या घोषणेत नेमकं हेच विचारलेलं असतं, चष्मा असेल तर तो लावून. अडखळला, तर आधी डोळे तपासून ये म्हणा. चष्म्याशिवाय वाचता येत नसेल, तर चष्मा लावूनच चालवायचं हे तेव्हाच ठरवून टाका.

मग गाडीत मागे बसा, जिथे तुम्ही रोज बसणार आहात. बसल्याबसल्या तो आरसे आणि सीट स्वतःला बेतून घेतो का, हे पाहा. न बेतता निघणारा माणूस पुढेही आरसा बघणार नाही. गर्दीच्या चौकात समोरच्या गाडीपासून किती अंतर ठेवतो, लेन बदलताना इंडिकेटर आधी देतो की वळल्यावर, फोन वाजला की हात कुठे जातो, याकडे लक्ष द्या. एकदा कात्रजच्या घाटाकडे घेऊन जा. उतारावर गाडी न्यूट्रलवर टाकणारा ड्रायव्हर इंधन वाचवतोय असं त्याला वाटतं, पण इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक ऐन वेळी पकडत नाहीत. उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरणारा माणूस शिकलेला असतो. शेवटी तळघरातल्या पार्किंगमध्ये रिव्हर्स लावायला सांगा. तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल आणि त्याने आजवर गिअरचीच चालवली असेल, तर चाचणी रिकाम्या जागेत सुरू करा. डावा पाय सवयीने क्लच शोधायला जातो आणि ब्रेकवर आदळतो. दुसरी चाचणी अंधार पडल्यावर घ्या, कारण समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात का, हे दिवसा कळत नाही.

ओळखीने आलेला असला, तरी पोलीस पडताळणी करा. वॉचमनची ओळख किती जुनी आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं. चारित्र्य पडताळणीच्या प्रमाणपत्रासाठी त्याला स्वतःला पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो, आणि तुम्ही कोथरूड ठाण्यात फोटो, आधारची प्रत आणि मूळ गावचा पत्ता देऊन नोकर ठेवल्याची माहिती नोंदवू शकता. आधीच्या मालकाला मात्र फोन जरूर करा आणि "चांगला होता का?" असं न विचारता "किती वर्षं होता, गाडीला किती वेळा लागलं, चलन किती आली?" असं विचारा. आकड्यांचं उत्तर टाळता येत नाही.

आता कागद. पुष्कळ घरांत पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात, "अपघात झाल्यास सर्व जबाबदारी चालकाची राहील." त्याचा उपयोग नाही. जखमी माणूस त्या करारात नव्हताच, त्याचा हक्क तुमच्या दोघांच्या सहीने संपत नाही, आणि कर्मचाऱ्याची भरपाई अशी सही करून सोडताही येत नाही. त्यापेक्षा साधं नेमणूकपत्र द्या. त्यात कामाचे तास, पगार, साप्ताहिक सुट्टी लिहा, आणि चार अटी स्पष्ट घाला: विचारल्याशिवाय गाडी खासगी कामाला न्यायची नाही, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची नाही, लायसन्स निलंबित झालं किंवा संपलं तर त्याच दिवशी कळवायचं, आणि दारू घेऊन गाडीला हात लावायचा नाही. मूळ लायसन्स अडकवून ठेवू नका. गाडी चालवताना ते त्याच्याजवळ असायला हवं.

एका फोल्डरमध्ये या गोष्टी ठेवा: लायसन्सच्या दोन्ही बाजूंची प्रत, त्यावर "मूळ कार्ड पाहिलं" असं लिहून तारीख आणि सही, संकेतस्थळावरच्या तपशिलाची छापील प्रत, तीही तारखेसह, चाचणीची तारीख, रस्ता आणि कोण सोबत होतं याच्या दोन ओळी, नेमणूकपत्र, पगार बँकेतून दिल्याच्या नोंदी. पुढे दर सहा महिन्यांनी त्याच पानावर लायसन्सची स्थिती पुन्हा पाहा आणि प्रत जोडा, कारण सिग्नल तोडणं किंवा नशेत चालवणं यांसाठी लायसन्स निलंबित होऊ शकतं आणि मालकाला ते कोणी कळवत नाही. त्याच वेळी गाडीच्या नंबरवर ई-चलन थकलंय का, तेही बघून घ्या, ती तुमच्या पतींच्या नावावर साठत जातात.

अपघात झालाच, तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. पोलिसांनी विचारल्यावर त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता आणि लायसन्सचा तपशील देणं कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. ड्रायव्हर घाबरून गावी निघून गेला तरी ही जबाबदारी उरतेच, म्हणून लातूरचा पत्ता आणि घरातल्या कोणाचा तरी फोन नंबर आधीच घेऊन ठेवा.

आणि न्यायाधिकरणाची नोटीस आली, तर ती "विमा कंपनी बघेल" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकू नका. कंपनीचा वकील कंपनीसाठी असतो. लायसन्समध्ये काही खोट निघाली, तर त्याचं पहिलं म्हणणं हेच असेल की मालकाने काहीच तपासलं नाही. मालक हजरच राहिला नाही, तर ते खोडून काढायला कोणी उरत नाही. स्वतःचा वकील देऊन लेखी म्हणणं मांडा, फोल्डरमधले कागद दाखल करा आणि साक्ष द्या. लायसन्स तुम्ही पाहिलं, चाचणीला मागच्या सीटवर तुम्ही बसलात, तर मालक म्हणून पती हजर राहिले, तरी साक्षीला तुम्हीच उभं राहायला हवं. म्हणून प्रतीवर "मूळ कार्ड पाहिलं" लिहून सही करायची, ती ज्याने पाहिलं त्यानेच करायची.